सेफ्टी पिनच्या जाहिरातीचं विडंबन लिहितेय, दावे कितीही फुगवले तरी हशा मधेच थांबतोय

मृण्मयी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत चौथ्या दिवशी विविधगुणदर्शन असतं, त्यात यंदा आमच्या विंगला पाच मिनिटं मिळालीयेत आणि मी टीव्हीवरच्या टेलिशॉपिंगच्या जाहिरातीचं विडंबन लिहितेय. वस्तू साधी सेफ्टी पिन. आमच्या आईच्या मंगळसूत्राला कायम तीन पिना लटकलेल्या असतात आणि बांगडीत दोन, लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे वस्तू हीच घ्यायची हे पक्कं होतं. पहिला खर्डा असा आहे:

निवेदक: सादर आहे सुपर पिन! साडीला लावा, तुटलेल्या चपलेला लावा, नाडी ओवा, काटा काढा, बॅगेची चेन धरा, पडदा अडकवा, शंभर कामं एकच पिन! सुपर पिनने पूल बांधा! विमान जोडा! चंद्रावर न्या!

काल गच्चीवर वाचन झालं. सुरुवातीला सगळे हसले, मग चप्पल आणि नाडी आल्यावर बायका नुसत्या माना डोलवायला लागल्या, एक काकू म्हणाल्या अगं हे तर आम्ही रोजच करतो, आणि पूल-विमान-चंद्राला तर कोणीच हसलं नाही. म्हणजे सगळ्यात मोठी थाप तिथे सगळ्यात कमी हशा, हे असं का होतं? वीस दिवस आहेत हातात, कोणी यातलं असेल तर प्लीज सांगा.

शेखर_७२
ताई, कमी पडतंय म्हणजे अजून वाढवा. अतिशयोक्ती म्हटल्यावर हात आखडता कशाला, पिनेने धरण अडवा, पृथ्वी सूर्याला टाचून ठेवा. आणि एक सावधगिरी, कुठल्याही जाहिरातीची चाल किंवा वाक्य घेऊ नका. असं विडंबन परवानगीशिवाय करता येत नाही आणि खोटे दावे केले की कारवाई होते, जाहिरातींची एक संस्था आहे त्यासाठी.

सुमन_पेण
मृण्मयी, पिना घेताना स्टीलच्या घे गं, त्या पिवळ्या मुलाम्याच्या नको. पावसाळ्यात गंजतात आणि साडीवर लालसर डाग बसतो तो जात नाही. माझ्या लग्नातल्या पैठणीच्या पदराला असाच डाग पडलाय, आजही घडी उघडली की जीव कळवळतो. आणि रेशमी साडी असेल तर पिनेत आधी एक मणी ओवून घे, मागच्या वेटोळ्यापाशी सरकवायचा आणि मग पिन लावायची, म्हणजे त्या वेटोळ्यात साडीचा धागा अडकून फाटत नाही. आमच्याकडे सगळ्या जणी अशाच लावतात.

मृण्मयी_डोंबिवली
सुमनताई, मी पिन विकत घेत नाहीये हो, पिनेवर नाटुकलं लिहितेय :) पण मण्याचं मला खरंच माहीत नव्हतं, आजच करून बघते. पैठणीचं वाचून वाईट वाटलं.

दादरचा_जुना_कॉपीवाला
मृण्मयी, मी बावीस वर्षं जाहिराती लिहिल्या, त्यातली बरीचशी रेडिओ आणि टीव्हीसाठी. तुमचा खर्डा तीनदा वाचला. तुमची अडचण दाव्यांच्या आकाराची नाहीये, दाव्यांच्या जातीची आहे, ती जरा सविस्तर सांगतो कारण माझ्या मते सगळं यावरच उभं आहे.

सेफ्टी पिन ही अशी वस्तू आहे की तिचे खरे उपयोगच शंभर आहेत. त्यामुळे उपयोगांची यादी वाचली की विडंबन होत नाही, ती यादी खरीच ठरते, काकू बरोबर बोलल्या. आणि तिथून एकदम चंद्रावर उडी मारली की खालची जमीनच सुटते, ऐकणाऱ्याला कळतं की आता काहीही येऊ शकतं, आणि काहीही येऊ शकतं म्हटल्यावर कशाचंच नवल राहत नाही. अतिशयोक्तीला एक खरा गुण पकडावा लागतो आणि त्याच एका गुणावरून वर चढावं लागतं, तेही पायरी पायरीने. पिनेचा खरा गुण कोणता? ती बंद राहते. टोक टोपीत जातं आणि मागचं वेटोळं स्प्रिंगसारखं त्याला तिथे दाबून धरतं, बास, एवढीच गंमत आहे त्या तारेत. मग सगळे दावे "बंद राहते, धरून ठेवते" याच धाग्यावर घ्या. पदर धरते, मग शाळेतल्या कार्ट्याची फाटकी पँट धरते, मग मोडायला आलेलं लग्न धरून ठेवते, मग सोसायटीची कमिटी एकत्र धरून ठेवते. शेवटच्यावर तुमची गच्ची हसणार, कारण कमिटी काय चीज आहे हे प्रत्येकाला माहितीये. चंद्रावर तुमच्या गच्चीवरचं कोणी गेलेलं नाही, कमिटीच्या मीटिंगला सगळे गेलेत.

दुसरं म्हणजे, तुमच्या खर्ड्यात "आधी" नाहीये. टेलिशॉपिंगच्या जाहिरातीत वस्तू यायच्या आधी एक भाग असतो, काळापांढरा, त्यात माणसं अगदी साध्या गोष्टी करताना हरतात. बाई कांदा चिरते तर कांदा खोलीभर उडतो, माणूस खुर्चीवर बसतो तर खुर्चीसकट आडवा. मग मोठी लाल फुली येते. विनोदाची खाण तो भाग आहे. वस्तू छोटीच राहू द्या, संकट मोठं करा. पाच मिनिटांपैकी दीड-दोन मिनिटं निव्वळ पिन नसलेल्या माणसांचे हाल दाखवा, आणि करणाऱ्यांनी मात्र अगदी गंभीरपणे करायचं. आपण विनोदी करतोय हे करणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तिथेच संपलं.

शेखर_७२
पण जास्त तेवढं जास्त हसू हे चूक कसं? आमच्या ऑफिसच्या गॅदरिंगला एकाने सतत वाढवत नेलं होतं आणि लोक लोळत होते.

दादरचा_जुना_कॉपीवाला
शेखरराव, "वाढवत नेलं" हे तुम्हीच म्हणालात, तेच मी म्हणतोय. वाढवायचं नक्की, पण एकाच शिडीवर. तुमचा मुद्दा अर्धा माझाच आहे.

परवानगी आणि कारवाईबद्दल. जाहिरातींची संस्था म्हणजे एएससीआय, १९८५ पासून आहे, ती स्वतः जाहिरातदारांनीच उभी केलेली आहे. तिचे नियम खऱ्या जाहिरातींना, आणि त्या नियमांतही असं आहे की उघड उघड गमतीची अतिशयोक्ती चालते, अट एवढीच की ती गंमत आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे आणि कोणी ती खरी धरून फसू नये. इथे कोणी काही विकतच नाहीये. चालीबद्दल मात्र तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता कार्यक्रम केला तर कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे, पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की ती सूट बरोबर येत नाही. म्हणून चाल स्वतःचीच करा आणि ब्रँडचं नाव बोगस ठेवा. सुपर पिन जरा सपक वाटतं, शिवाय या नावाची खरी पिन कुठेतरी असायचीच, मी तूर्त झुमरी पिन म्हणतो.

न्यूजर्सीकर_नितीन
आमच्या मंडळात तीन वर्षांपूर्वी आम्ही असंच छत्रीचं केलं होतं. सगळ्यात जास्त टाळ्या कशाला पडल्या सांगतो, डबिंगला. आठवतंय ना, केबल आली तेव्हा रात्री उशिरा त्या अमेरिकन जाहिराती लागायच्या, ओठ इंग्रजीत हलतायत आणि आवाज हिंदीत किंवा मराठीत. आम्ही स्टेजवर दोघांना नुसते ओठ हलवायला लावले आणि दोघं विंगेत माइकवर बोलले, मुद्दाम थोडं उशिरा. नट लांबलचक वाक्य बोलल्यासारखा तोंड हलवतो आणि आवाज येतो फक्त "हो". मग उलटं, तो तोंड एकदाच उघडतो आणि आवाज अर्धा मिनिट चालू. इथल्या दुसऱ्या पिढीच्या पोरांना कळलं नाही पण त्यांचे आईबाप खुर्चीतून पडायचे बाकी होते.

एक चूक झाली आमची, सांगून ठेवतो. विंगेतल्या मंडळींना स्टेज दिसत नव्हतं, त्यामुळे प्रेक्षक हसले की नट थांबायचे आणि आवाज पुढे निघून जायचा. तिसऱ्या मिनिटाला सगळं विस्कटलं. डबिंगवाल्यांना स्टेजसमोर खाली पहिल्या रांगेत बसवा, पाठ प्रेक्षकांकडे, म्हणजे ओठ दिसतात.

मृण्मयी_डोंबिवली
बापरे, हे सगळं सोनं आहे. नितीन, डबिंग घेतेच, आमच्याकडे एक काका आहेत ज्यांचा आवाज अगदी तसला आहे, घोगरा आणि सतत आश्चर्यचकित. कॉपीवाले काका, तुम्ही म्हणालात तसं "आधी"चा भाग लिहिलाय, बघा:

(पांढरा लाइट. सुलभा मंगळागौरीला निघालीय.)
आवाज: सुलभाच्या आयुष्यात सगळं होतं. नवरा होता. फ्रीज होता. फक्त एक गोष्ट नव्हती.
(पदर सुटतो. ती सावरते. दुसऱ्या बाजूने सुटतो. ताट पडतं. ताटातला नारळ गडगडत जाऊन सासऱ्यांच्या पायावर. सासरे सोफ्यावर. सोफ्याखालचं मांजर बाहेर.)
आवाज: हे तुमच्याही घरी होतंय का?
सुलभा (ओठ भरभर): … नाही.
आवाज: हो! रोज! दिवसातून चार वेळा!
(लाल फुली.)

दादरचा_जुना_कॉपीवाला
छान जमलंय. "फ्रीज होता" ठेवाच. एकच सांगतो, ताट, नारळ, सासरे, सोफा, मांजर ही साखळी स्टेजवर खूप वेगात व्हावी लागेल आणि मांजर काही येणार नाही. मांजर काढा, सासऱ्यांवर थांबा.

आता दाव्यांच्या आकड्यांबद्दल, कारण टीव्हीच्या जाहिरातीचं विडंबन आकड्यांशिवाय पुरं होत नाही. तुम्ही ९९.९ टक्के वापरणार असालच. तो आकडा कुठून येतो ते बघा. प्रयोगशाळेत जंतू मोजताना हजारपटीने कमी झाले की त्याला ९९.९ म्हणतात, म्हणजे दहा लाख जंतूंतले हजार शिल्लक असतातच. शंभर टक्के लिहीत नाहीत कारण ते सिद्ध करता येत नाही. आता हे स्टेजवर कसं आणायचं? आकडा नुसता ओरडला तर लोक ऐकून सोडून देतील, रोजच ऐकतात. त्या उरलेल्या ०.१ टक्क्याला माणूस करा. आवाज म्हणतो, "झुमरी पिनने ९९.९ टक्के पदर सुरक्षित!" आणि शांतपणे एक काकू स्टेजवर येतात, पदर सुटलेला, प्रेक्षकांकडे बघत नुसत्या उभ्या. आवाज थांबतो. "या उरलेल्या ०.१ टक्के." सोसायटीत हजार माणसं धरली तर ०.१ टक्के म्हणजे बरोब्बर एक माणूस, हिशोबही चोख बसतो. त्या काकू पुढे प्रत्येक दाव्यानंतर येत राहू द्या.

आणि तुलना. "पाच पट मजबूत" म्हणतात, पण कशापेक्षा ते खाली चांदणी लावून बारीक अक्षरात. तुम्ही मोठ्याने सांगा, "पिन नसण्यापेक्षा दहा पट मजबूत!"

शेखर_७२
हे ०.१ टक्केवालं भारी आहे, मानलं. पण स्टेजवर चांदणी आणि बारीक अक्षरं कशी दाखवणार? टीव्हीवर खाली पट्टी असते.

न्यूजर्सीकर_नितीन
आम्ही एका सात वर्षांच्या मुलाला पाटी देऊन पळवलं होतं, डावीकडून उजवीकडे, फुल स्पीड. पाटीवर खरंच मजकूर लिहिलेला होता पण अक्षरं इतकी बारीक की पहिल्या रांगेतल्यांनाही दिसू नये.

दादरचा_जुना_कॉपीवाला
पोरगं उत्तम. त्याच्या जोडीला ऐकण्यासाठीही एक हवं, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी यायचं तसं, एका श्वासात. लिहून देतो: "पिन टोचण्याच्या जोखमीच्या अधीन आहे वापरण्यापूर्वी बोट बाजूला घ्यावे मागील पदर पुढील पदराची हमी देत नाही." हे म्हणायला डबिंगवाले काका घेऊ नका, दुसरा माणूस घ्या, आणि त्याच्याकडून रोज वीस वेळा म्हणवून घ्या. शब्द गिळले तर काहीच उरत नाही, वेगात पण प्रत्येक अक्षर स्वच्छ पाहिजे. रेडिओवर आम्ही श्वास कापून टाकायचो, तुमच्याकडे ती सोय नाही.

सुमन_पेण
आता मला कळलं काय चाललंय, आधी मी उगाच गंजाचं सांगत बसले. पण मृण्मयी, मणी घे ना त्यात! टीव्हीवर नाही का, तीच जुनी वस्तू आणि "आता नव्या अमक्यासहित" म्हणून विकतात. माझ्या आजीपासून आम्ही मणी लावतोय. त्यालाच नवीन तंत्रज्ञान म्हण.

मृण्मयी_डोंबिवली
सुमनताई!! हे तर सगळ्यात बेस्ट. "आता मणी-शील्ड तंत्रज्ञानासहित", पांढरा कोट घातलेला माणूस हातात मणी धरून येतो आणि चष्म्यातून बराच वेळ त्याच्याकडे बघतो. मग कापडाचं क्लोजअप, चार पोरं धागे बनून हात धरून उभी, एकाचा हात वेटोळ्यात अडकतो, तो किंचाळतो, मग मणी बनलेली छोटी मुलगी येऊन मधे उभी राहते आणि सगळे धागे तिला थँक्यू म्हणतात. आणि हे खरंच तसंच काम करतं, त्यामुळे बायकांना हसूही येईल आणि पटेलही.

दादरचा_जुना_कॉपीवाला
हे माझ्या सगळ्या सूचनांपेक्षा सरस आहे. खरी माहिती जाहिरातीच्या आवाजात सांगितली की ती थापेपेक्षा जास्त हसवते. याच जातीची अजून एक देतो. आजच्या सेफ्टी पिनेचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली घेतलं आणि लगेच चारशे डॉलरला विकून टाकलं, डोक्यावर पंधरा डॉलरची उधारी होती म्हणून. यातलं एक अक्षरही फुगवू नका. कंपनीचा वारसा सांगणारा तो जड आवाज असतो ना, त्यात म्हणा: "१८४९. एक माणूस. पंधरा डॉलरची उधारी." आणि मागे सनई.

शेखर_७२
शेवट काय? माझं मत, शेवटी पिन उघडली पाहिजे. निवेदकाच्याच धोतराला लावलेली आणि तीच सुटते. लोक त्याचीच वाट बघत असतात.

दादरचा_जुना_कॉपीवाला
मी नाही करणार. जाहिरात कधी हार मानत नाही, जग कोसळलं तरी ती हसतच राहते, आणि विडंबनाने तो चेहरा शेवटपर्यंत धरायचा. पिन फसली की तो साधा फजितीचा प्रसंग होतो, कुठल्याही स्किटमध्ये चालेल असा. माझ्या हिशोबाने शेवट किमतीवर, "फक्त १ रुपया! पण थांबा! आत्ता फोन केलात तर सोबत अजून अकरा पिना एकदम मोफत!" कारण दुकानात डझनाचं पाकीटच मिळतं.

न्यूजर्सीकर_नितीन
मी शेखरच्या बाजूने. आमची छत्री शेवटी उलटी झाली होती आणि हॉल उठून उभा राहिला होता. पण आमच्याकडे तोवर छत्री कधीच फसली नव्हती, पाच मिनिटांत तेवढं एकदाच. तुमच्या ०.१ टक्के काकू दर वेळी येणार असतील तर शेवटी फसण्यात नवीन काही उरणार नाही, दोन्हीतलं एकच ठेवावं लागेल असं वाटतं.

मृण्मयी_डोंबिवली
काल रात्री पूर्ण तालीम झाली, नऊ जण, गच्चीवर, मधेच पाऊस. सगळं लिहिते.

पहिलं, वेळ. कागदावर चार मिनिटांचं होतं, हशासकट साडेसहा झालं. म्हणजे चाळीस सेकंदांचा भाग तरी पूर्ण काढावा लागेल आणि बाकी घट्ट करावं लागेल. पूल, विमान, चंद्र तर आधीच गेले, आता शाळेच्या पँटचा दावाही काढतेय कारण तो आणि पदर एकाच चवीचे आहेत. पदर, लग्न, कमिटी एवढ्या तीनच पायऱ्या ठेवल्या. कमिटीच्या वाक्याला सेक्रेटरी स्वतः सगळ्यात मोठ्याने हसले.

दुसरं, मोठी पिन. दाखवायला तीन फुटांची हवी होती. पुठ्ठ्याची केली तर ती बंदच राहीना, टोक टोपीतून निसटायचं. मग बागेच्या पाइपात जाड तार घालून वाकवली, मागे खरं वेटोळं दिलं दोन वळशांचं, आणि टोपीसाठी पत्र्याचा डबा कापून त्याच्या कडा टेपने गुंडाळल्या. आता उघडते-मिटते, आणि मिटताना टक् असा आवाज येतो. तो आवाज माइकवर घेतला तर काहीही न बोलता लोक हसतात.

०.१ टक्केवाल्या काकू पहिल्यांदा हसू येईल इतक्या नाटकी आल्या, हातवारे, उसासे. कॉपीवाले काका, तुमचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं, मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या, पर्स हातात धरून, बस स्टॉपवर उभं राहावं तशा. हशा दुप्पट झाला. चौथ्यांदा आल्या तेव्हा पोरांनी त्यांच्या आधीच टाळ्या वाजवल्या.

डबिंगला अडचण आहे. पहिल्या रांगेत पाठमोरं बसलं तरी काकांना ओठ नीट दिसत नाहीत, चष्म्याचा नंबर. म्हणून सुलभा प्रत्येक वाक्याआधी भुवया उडवते, तो इशारा. भुवयांनी आणखीच मजा आलीये.

शेवट अजून ठरलेला नाही. दोन्ही करून बघितले. धोतर सुटल्यावर मुलं जास्त हसली, अकरा पिना मोफतवर बायका, आणि माझ्या आईने तेवढ्यात मंगळसूत्राच्या पिना मोजल्या, दोनच होत्या, एक म्हणे सुलभाच्या पदराला लावायला घेतलीय.

सुमन_पेण
आईंची पिन परत कर गं आधी. आणि सुलभाच्या साडीला मणी लावलास ना?

मृण्मयी_डोंबिवली
लावला, हिरवा, तुटलेल्या बांगडीच्या डब्यातला. कोणाला नऊवारीत पिन कुठे लावायची ते माहीत असेल तर सांगा, सुलभाचं म्हणणं पडलंय की मंगळागौर आहे तर नऊवारीच पाहिजे, आणि त्यात पदर खोचलेला असतो, मग सुटणार कसा?